स्विच्ड रिलक्टन्स मोटर: करंट कधी द्यायचा आणि कधी काढून घ्यायचा

स्विच्ड रिलक्टन्स मोटर, म्हणजे एसआरएम, उघडून पाहिली तर आत फारसं काही सापडत नाही. रोटर म्हणजे सिलिकॉन स्टीलच्या पातळ पत्र्यांची चवड, तिला मोठे दात कापलेले आणि ती शाफ्टवर दाबून बसवलेली. मॅग्नेट नाही, तार नाही, इंडक्शन मोटरच्या रोटरमध्ये असतात तशा अ‍ॅल्युमिनियमच्या सळ्याही नाहीत. स्टेटरलाही तसेच दात, म्हणजे पोल, आणि प्रत्येक पोलवर एकेक सुटसुटीत कॉइल. वाइंडिंग करणाऱ्या कारागिराला ही मोटर म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम.

पण हीच मोटर थ्री-फेज लाइनला थेट जोडली तर ती नुसती गुरगुरते, सुरू होत नाही. बॅटरीला जोडली तर एक झटका देते आणि एका जागी घट्ट धरून बसते. कमी धातू आणि सोपी बांधणी यांची किंमत ती दुसरीकडे वसूल करते: प्रत्येक फेजला योग्य कोनावर करंट देणारं आणि योग्य कोनावर तो काढून घेणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट सोबत नसेल, तर ती मोटरच नाही. यातलं 'देणारं' सगळ्यांच्या लक्षात राहतं. 'काढून घेणारं' हा खरा कठीण भाग आहे, आणि सर्किटची रचना त्याच्यामुळेच ठरते. हे का, ते आधी पाहू. मग एक लहान मोटर टेबलावर पायरीपायरीने चालवू.

बळ कुठून येतं

लोखंडाचा तुकडा चुंबकाकडे ओढला जातो, कारण तो मध्ये आला की चुंबकीय रेषांची वाट सोपी होते. वाटेतल्या अडथळ्याला रिलक्टन्स म्हणतात. हवेत तो खूप असतो, लोखंडात फारच कमी. स्टेटरच्या एका फेजमध्ये करंट सोडला की जवळचा रोटरचा दात त्या पोलसमोर येऊ पाहतो. तो बरोबर समोर आला की ओढ संपते आणि पुढे गेला की तीच ओढ त्याला मागे खेचते.

हेच इंडक्टन्सच्या भाषेत मांडलं तर हिशेब करता येतो. दात पोलसमोर असला की कॉइलचं इंडक्टन्स सर्वात जास्त. पोलसमोर दोन दातांमधली खाच आली की सर्वात कमी. मधल्या प्रवासात ते चढतं किंवा उतरतं. लोखंड सॅच्युरेट झालेलं नाही असं धरलं तर टॉर्क असा:

T = ½ · i² · dL/dθ

या छोट्या सूत्रात दोन गोष्टी दडल्या आहेत. करंटचा वर्ग असल्यामुळे करंट कोणत्या दिशेने वाहतो याने काहीच फरक पडत नाही. त्यामुळे डीसी मोटरसारखी तारांची अदलाबदल करून ही मोटर उलटी फिरत नाही. टॉर्कची दिशा फक्त dL/dθ ठरवतो: इंडक्टन्स चढत असताना करंट असेल तर पुढे ढकलणारा टॉर्क, उतरत असताना असेल तर ब्रेक.

आता एक फेज कायम डीसीला जोडून ठेवली तर काय होईल? रोटर एक दातपल्ला फिरताना इंडक्टन्स जेवढं चढतं तेवढंच उतरतं. चढावर मिळालेलं सगळं उतारावर परत जातं आणि सरासरी टॉर्क शून्य. थांबलेल्या मोटरला लाइनचा एसी दिला तरी सुटका नाही. वर्गामुळे ५० हर्ट्झच्या दोन्ही अर्धलहरी एकाच दिशेला ओढतात, रोटर कोणत्या कोनावर आहे याचा त्यांना पत्ता नसतो. म्हणून फक्त गुरगुर. चढावर करंट हवा, उतारावर नको, आणि चढ कुठे आहे हे रोटरच्या स्थितीवरून ठरणार. हे काम स्विचशिवाय होत नाही.

स्विच यांत्रिकही असू शकतो, आणि सुरुवातीला तो तसाच होता. स्कॉटलंडच्या रॉबर्ट डेव्हिडसनने १८४२ मध्ये एडिंबरा-ग्लासगो रेल्वेमार्गावर बॅटरीवर चालणारं इंजिन चालवून दाखवलं. त्यात इलेक्ट्रोमॅग्नेट लोखंडी पट्ट्यांना ओढत आणि अक्षाबरोबर फिरणारा कम्युटेटर त्यांचा करंट चालू-बंद करी. कल्पना हीच होती. पण संपर्क तोडून करंट थांबवायचा म्हणजे कॉइलमध्ये साठलेली ऊर्जा ठिणगीत जाळायची, आणि वेग वाढला की संपर्क उघडायची वेळही बदलावी लागते, ती यांत्रिक कम्युटेटरने साधणं अवघड. म्हणून ही मोटर सव्वाशे वर्षांहून अधिक काळ बाजूला पडून राहिली. १९८० मध्ये इंग्लंडमधल्या लॉरेन्सन आणि सहकाऱ्यांनी पॉवर सेमिकंडक्टर वापरून तिचा सविस्तर अभ्यास मांडला आणि ती नव्याने चर्चेत आली. अलीकडे तिचं नाव पुन्हा ऐकू येतं त्याचं कारण वेगळं: एप्रिल २०२५ मध्ये चीनने काही दुर्मीळ मृदा धातू आणि त्यांच्या मॅग्नेटच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, आणि मॅग्नेट नसलेल्या मोटरची आठवण वाहन उद्योगाला झाली.

हाताशी घ्यायची मोटर

आपण तीन फेजची ६/४ मोटर घेऊ. स्टेटरला सहा पोल, रोटरला चार दात. समोरासमोरच्या दोन कॉइल मिळून एक फेज: ए, बी, सी. रोटरचे दात ९० अंशांवर असल्याने प्रत्येक फेजचं चित्र दर ९० अंशांनी तेच ते येतं. तीन फेजमध्ये वाटणी केली की एका फेजच्या वाट्याला ३० अंशांचं पाऊल येतं, म्हणजे एका फेऱ्यात बारा पावलं.

कागदावर एकदा चित्र काढून पाहा, कारण इथे अनेकांचा गोंधळ होतो. स्टेटरचे पोल ०, ६०, १२० अंशांवर मांडा (ए, बी, सी) आणि रोटरचे दात ०, ९०, १८०, २७० वर. ए समोर दात आहे. आता बी चालू केली. तिला सर्वात जवळचा दात ९० वरचा, तो ३० अंश मागे येऊन ६० वर बसेल. फेज ए-बी-सी अशा पुढे सरकतात आणि रोटर उलट्या दिशेने फिरतो. ६/४ मध्ये हे असंच असतं. पहिल्यांदा चालवताना मोटर 'उलटी' फिरली म्हणून वायरिंग उकलत बसू नका.

हिशेबासाठी आकडे ठरवू. डीसी बस ३०० व्होल्ट. दात पोलसमोर नसताना इंडक्टन्स ८ मिलीहेन्री, समोर असताना ६० मिलीहेन्री. फेजचा रेझिस्टन्स २ ओहम. स्टेटर पोलची रुंदी ३० अंश, रोटर दाताची ३२. कोन मोजताना खाच बरोबर पोलसमोर आली तो ० अंश, दात बरोबर समोर आला तो ४५ अंश. या रुंदींवरून दात आणि पोल एकमेकांवर यायला १४ अंशांवर सुरुवात होते आणि ४४ अंशांवर पोल पूर्ण झाकला जातो. म्हणजे १४ ते ४४ हा चढ, ४४ ते ४६ सपाट माथा, ४६ ते ७६ उतार. पुढचा तळ पुढच्या १४ अंशांपर्यंत.

चढावर dL/dθ म्हणजे ५२ मिलीहेन्री भागिले ३० अंश, रेडियनमध्ये जवळपास ०.१ हेन्री प्रति रेडियन. ४ अँपिअर करंटला टॉर्क ०.८ न्यूटन-मीटर. खऱ्या मोटरमध्ये कडेच्या विस्कटलेल्या रेषांमुळे हे कोपरे गोलसर होतात आणि जास्त करंटला लोखंड सॅच्युरेट होऊन ६० चे ६० राहत नाहीत. तरीही या सरळ रेषांच्या चित्रातून कोन ठरवायची पद्धत नीट कळते, म्हणून तेच वापरू.

पायरी पहिली: मोटर ओळखणं

आधी प्रत्येक फेजचा रेझिस्टन्स मोजा. तिन्ही सारखे यायला हवेत. मग समोरासमोरच्या दोन कॉइलची दिशा तपासा. एका पोलला उत्तर तर समोरच्या पोलला दक्षिण ध्रुव आला पाहिजे, तरच रेषा रोटरमधून आरपार जातात. एक कॉइल उलटी जोडली गेली तर दोघी एकमेकींशी भांडतात, फेजचं इंडक्टन्स आणि ओढ दोन्ही घसरतात. मल्टिमीटरवर मात्र सगळं ठीक दिसतं. म्हणून ही चूक रेझिस्टन्स मोजून कधीच सापडत नाही.

ती सापडते इंडक्टन्सवरून. एलसीआर मीटर असेल तर उत्तम. नसेल तर २४ व्होल्टचा पुरवठा, एक मॉसफेट, कॉइलला आडवा एक डायोड आणि ऑसिलोस्कोप पुरतो. रोटर धरून ठेवा, १ मिलिसेकंदाचा पल्स द्या आणि करंट किती चढला ते पाहा. खाच समोर असताना आपल्या मोटरमध्ये तो अडीच-पावणेतीन अँपिअरपर्यंत जाईल, दात समोर असताना जेमतेम ०.४ पर्यंत. दर ५ अंशांनी हे मोजून आलेख काढला की त्या मोटरचा खरा चढ-उतार हातात येतो. तिन्ही फेजचे आलेख एकमेकांवर बसले नाहीत तर पुढे जाऊ नका. एक फेज सगळीकडेच कमी इंडक्टन्स दाखवत असेल तर तिथली एक कॉइल उलटी आहे किंवा तिचे काही वेढे शॉर्ट झाले आहेत.

पायरी दुसरी: सेन्सरचा शून्य

कोन कळण्यासाठी शाफ्टवर एन्कोडर किंवा खाचांची चकती आणि ऑप्टो सेन्सर लागतो. साध्या इन्क्रिमेंटल एन्कोडरला वीज आल्यावर आपण कुठे आहोत हे माहीत नसतं, म्हणून दर वेळी सुरू करताना एक फेज देऊन रोटर जागेवर आणावा लागतो.

ए फेजला करंटची मर्यादा ३ अँपिअर ठेवून डीसी द्या. दात ए पोलसमोर येऊन थांबेल, तो ४५ अंश. पण बेअरिंगचं घर्षण आणि तो दोन अंशांचा सपाट माथा यांमुळे रोटर बरोबर मध्यावर येत नाही. त्याला आधी एका बाजूने हाताने ढळवून सोडा, वाचन घ्या, मग दुसऱ्या बाजूने ढळवून सोडा, वाचन घ्या, आणि दोघांची सरासरी ४५ धरा. इथे घाई केली तर नंतरच्या सगळ्या कोनांत तीच चूक जाईल, आणि वेग वाढल्यावर ती छळेल.

पायरी तिसरी: ब्रिज

आता मुख्य भाग. चढ संपायच्या आत करंट शून्यावर यायला हवा. ३८ अंशांवर स्विच बंद केला असं समजा. त्या क्षणी इंडक्टन्स जवळपास ५० मिलीहेन्री आणि करंट ४ अँपिअर, म्हणजे कॉइलभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रात ०.४ ज्यूल साठलेले आहेत.

हा आकडा छोटा वाटतो. १५०० आरपीएमला सेकंदाला ३०० पावलं पडतात. ०.४ गुणिले ३०० म्हणजे सुमारे १२० वॉट. आणि या मोटरची त्या वेगाला शाफ्टवरची पॉवर? साधारण ११० वॉट. म्हणजे जेवढं काम मोटर करते, जवळपास तेवढीच ऊर्जा प्रत्येक पावलाला क्षेत्रात भरली जाते आणि बाहेर काढावी लागते. ही ऊर्जा रेझिस्टरमध्ये जाळायची ठरवली तर मोटरची कार्यक्षमता निम्म्यावर येईल. स्विचवर सोडली तर स्विच जाईल.

बंद करताना कॉइलला आडवा डायोड लावून भागेल का? रिलेच्या कॉइलला लावतो तसा? नाही. तिथे करंट मावळायचा वेळ इंडक्टन्स भागिले रेझिस्टन्स असा ठरतो. माथ्याजवळ तो ६० मिलीहेन्री भागिले २ ओहम, म्हणजे ३० मिलिसेकंद. १५०० आरपीएमला तेवढ्यात रोटर २७० अंश फिरतो. त्याहून वाईट म्हणजे, कॉइल अशी शॉर्ट असताना क्षेत्र जवळपास टिकून राहतं आणि उतारावर इंडक्टन्स कमी होत गेलं की करंट मावळण्याऐवजी वाढतो. ब्रेक लागलेलाच राहतो आणि तो स्वतःहून घट्ट होत जातो.

म्हणून कॉइलवर उलटं व्होल्टेज लावावं लागतं, आणि त्यासाठी असिमेट्रिक हाफ-ब्रिज. प्रत्येक फेजला दोन स्विच आणि दोन डायोड. वरचा स्विच बसच्या धन टोकापासून कॉइलच्या एका टोकाला, खालचा स्विच कॉइलच्या दुसऱ्या टोकापासून ऋण टोकाला. एक डायोड ऋण टोकाकडून कॉइलच्या पहिल्या टोकाकडे, दुसरा कॉइलच्या दुसऱ्या टोकाकडून धन टोकाकडे. दोन्ही स्विच चालू असले तर कॉइलवर +३०० व्होल्ट. एकच बंद केला तर करंट उरलेला स्विच आणि एका डायोडमधून घुमत राहतो, कॉइलवर जवळपास शून्य. दोन्ही बंद केले तर करंट दोन्ही डायोडमधून बसमध्ये परत जातो आणि कॉइलवर −३०० व्होल्ट. करंटची दिशा कधीच बदलत नाही, बदलतं फक्त व्होल्टेज.

३८ अंशांवर दोन्ही स्विच बंद केले तर त्या उलट्या ३०० व्होल्टमुळे करंट ०.६६ मिलिसेकंदात शून्य होतो. १५०० आरपीएमला रोटर मिलिसेकंदाला ९ अंश फिरतो. ०.६६ मिलिसेकंद म्हणजे ६ अंश. करंट बरोबर ४४ ला संपला, माथ्याच्या काठावर.

बाजारात सहज मिळणारा तीन पायांचा आयजीबीटी मॉड्यूल, म्हणजे साध्या व्हीएफडीच्या पोटात असतो तो, इथे थेट चालत नाही. त्यात प्रत्येक पायातले वरचा आणि खालचा स्विच आतूनच एकमेकांना जोडलेले असतात आणि आपल्याला कॉइल त्यांच्या मध्ये हवी आहे. सुटे मॉसफेट किंवा आयजीबीटी आणि फास्ट रिकव्हरी डायोड घ्या. साधे रेक्टिफायर डायोड इथे तापून मरतात. फायदा असा की वरचा-खालचा स्विच एकाच वेळी चालू राहिला तरी मध्ये कॉइल असल्याने बस शॉर्ट होत नाही, म्हणून डेड-टाइमची काळजी नाही. वरच्या स्विचच्या गेटसाठी वेगळा आयसोलेटेड पुरवठा ठेवा. बूटस्ट्रॅप कपॅसिटरची युक्ती इथे सुरुवातीच्या पल्सला दगा देऊ शकते, कारण वरच्या स्विचचं खालचं टोक जमिनीशी नेहमीच जोडलं जात नाही.

बसवरच्या कपॅसिटरला कमी लेखू नका. परत येणारी ऊर्जा तोच झेलतो, कारण रेक्टिफायर ती लाइनमध्ये परत पाठवू शकत नाही. एका पावलाचे ०.३७ ज्यूल परत येताना (उरलेले थोडे शेवटच्या सहा अंशांत शाफ्टला मिळतात) कपॅसिटर ४७० मायक्रोफॅरडचा असेल तर बस ३०० वरून ३०३ च्या आसपास जाईल. १० मायक्रोफॅरडचा असेल तर चारशेच्या वर. चाचणीच्या टेबलावर बेंच पॉवर सप्लाय वारंवार ओव्हरव्होल्टेजवर ट्रिप होत असेल तर कारण बहुतेक हेच असतं, सप्लायला परत येणारा करंट गिळता येत नाही. आणि ३०० व्होल्टचा भरलेला कपॅसिटर जीव घेऊ शकतो. वीज काढल्यावर तो ब्लीडर रेझिस्टरने उतरला आहे हे मीटरने पाहिल्याशिवाय हात लावू नका.

पायरी चौथी: कोन आणि करंट

पहिली चाचणी ३०० वर करू नका, ४८ व्होल्टवर करा. करंट मर्यादा २ अँपिअर आणि शाफ्टला काही जोडलेलं नको.

चालू करायचा कोन ठरवणं सोपं आहे. तळाशी इंडक्टन्स फक्त ८ मिलीहेन्री असल्याने पूर्ण ३०० व्होल्टला ४ अँपिअर यायला ०.१ मिलिसेकंद लागतो. १५०० आरपीएमला तो एक अंश. म्हणून १४ चा चढ सुरू होण्याआधी, १३ अंशांवर चालू करा. तळावर टॉर्क जवळपास नसतोच, त्यामुळे थोडं लवकर चालू केल्याने फारसं बिघडत नाही, फक्त तांबं तापतं. उशिरा चालू केलं तर चढ वाया जातो.

चढावर चालू राहताना करंट आपोआप मर्यादेत राहत नाही. १५०० ला रोटरच्या फिरण्याने कॉइलमध्ये उभं राहणारं विरोधी व्होल्टेज फक्त ६३ व्होल्ट आहे, बस ३०० आहे, त्यामुळे करंट वरच जाणार. म्हणून ४ अँपिअर झाले की एक स्विच बंद, ३.८ च्या खाली आले की पुन्हा चालू, असं चॉपिंग करायचं. नियंत्रकातलं सार एवढंच आहे:

```c
for (int k = 0; k < 3; k++) {            // ए, बी, सी
  float a = fmodf(th - 30.0f*k + 360.0f, 90.0f);
  if (a >= th_on && a < th_off) {
    if (i[k] < i_ref - 0.2f)      mode[k] = PLUS;
    else if (i[k] > i_ref)        mode[k] = FREE;
  } else mode[k] = MINUS;                // दोन्ही स्विच बंद
}
```

यात `th` हा ए फेजच्या मापाने मोजलेला रोटरचा कोन. बी फेज ३० अंशांनी मागे, सी ६० अंशांनी. ठरलेल्या कोनांच्या बाहेर करंट शून्य होईपर्यंत `MINUS` काम करत राहतं. नंतर डायोड आपोआप थांबतात. उलट दिशेने फिरवायचं असेल तर करंटची दिशा नाही, कोन आरशातल्यासारखे उलटवायचे: ७७ वर चालू, ५२ वर बंद. तेव्हा कोन उतरत जातो, म्हणून वरच्या अटीत `th_on` च्या जागी ५२ आणि `th_off` च्या जागी ७७ येतात.

इथे एक त्रुटी दिसेल. ए चा करंट ३८ वर बंद होऊ लागतो आणि बी चा चढ ए च्या मापाने ४४ वर सुरू होतो. मधल्या सहा अंशांत टॉर्क खाली पडतो. हीच ती टॉर्क रिपल, जिच्यासाठी ही मोटर बदनाम आहे. पोलची रुंदी ३० च्या वर थोडी वाढवली तर दोन चढ एकमेकांवर येतात आणि खड्डा कमी होतो. चांगल्या मोटरमध्ये तसं करतातच. पूर्ण जात नाही. चालत्या मोटरमध्ये जडत्व हा खड्डा भरून काढतं, पण सुरू करताना रोटर नेमका त्या खड्ड्यात उभा असेल आणि लोड जड असेल तर तो हलत नाही. शाफ्ट हाताने जरा फिरवला की चालू होते, अशी तक्रार आली तर आधी इथे पाहा.

पायरी पाचवी: वेग वाढवताना

आता वेग दुप्पट करा, ३००० आरपीएम. कोन तेच ठेवले तर काय होतं? ३८ वर बंद केलेल्या करंटला शून्यावर यायला तोच ०.६६ मिलिसेकंद लागतो, पण तेवढ्यात रोटर आता १२ अंश जातो. करंट ५० अंशांपर्यंत रेंगाळतो, उतारावर चार अंश. हा ब्रेक आहे. लाइनमधून करंट जास्त ओढला जातो, टॉर्क मात्र कमी होतो. म्हणून बंद करायचा कोन ३४ वर आणावा लागतो. चालू करायचा कोनही एक अंशाने अलीकडे.

वेगानुसार दोन्ही कोन अलीकडे सरकवत जाणं, हे या मोटरचं रोजचं काम आहे. कोणताही ठरावीक कम्युटेटर, यांत्रिक असो की सेन्सरला थेट जोडलेलं लॉजिक, एकाच वेगाला बरोबर असतो.

७२०० आरपीएमच्या आसपास आणखी एक सीमा येते. तिथे ४ अँपिअरला विरोधी व्होल्टेजच ३०० होतं, बसच्या बरोबरीचं. आता चढावर करंट वाढवायला व्होल्टेज उरत नाही, चॉपिंगला काही काम राहत नाही. चढ सुरू होण्याआधी तळावर जेवढा करंट भरला तेवढाच पुढे सपाट चालतो. एका पावलाला एकच पल्स. इथून पुढे करंटची मर्यादा नव्हे, फक्त कोनच टॉर्क ठरवतात. तळाच्या अरुंद पट्ट्यात करंट भरायचा म्हणून चालू करायचा कोन आणखी अलीकडे, १० च्याही खाली न्यावा लागतो.

काय बिघडलं, ते करंटवरून ओळखणं

ऑसिलोस्कोपवर एका फेजचा करंट आणि सेन्सरचा पल्स एकत्र पाहा. या मोटरच्या बहुतेक दुखण्यांचं निदान त्या एका चित्रात होतं.

करंटची शेपटी माथ्यानंतरही दिसत असेल तर बंद करायचा कोन उशिरा आहे, किंवा सेन्सरचा शून्य चुकला आहे. दोन्हीतला फरक असा ओळखा: कोन नुसता उशिरा असेल तर दोन्ही दिशांना सारखाच त्रास होतो आणि कोन अलीकडे घेतला की जातो. शून्य चुकला असेल तर एका दिशेला शेपटी लांबते, आणि उलट फिरवलं की करंट वेळेच्या फार आधी संपतो, त्या दिशेला चढाचा शेवट रिकामा राहतो. शून्य दुरुस्त केल्याशिवाय दोन्ही दिशा एकत्र ठीक होणार नाहीत.

बंद केल्यावर करंट उतारावर चढताना दिसला तर दोन्ही स्विच बंद होत नाहीत. एक गेट ड्रायव्हर उशिरा बंद होतो किंवा अडकला आहे, आणि फेज डायोडमधून घुमत आहे. वर सांगितलेली स्वतःहून घट्ट होणारी ब्रेक हीच. ताबडतोब वीज काढा. तिन्हीपैकी एका फेजचा करंट दिसतच नसेल तरीही मोटर बहुधा चालत राहील, दोन फेजवर, खडखडत. एरवी हा तिचा गुणच आहे, पण चाचणीत तो बिघाड लपवतो. म्हणून फक्त चाल पाहून समाधान मानू नका.

आवाज हा वेगळा विषय. टॉर्कपेक्षा पोल आणि दात यांच्यातली अरीय ओढ कितीतरी मोठी असते. समोरासमोरचे दोन पोल आत ओढले जातात आणि स्टेटरची कडी क्षणभर लंबवर्तुळ होते. करंट एकदम तोडला की ती कडी सुटते आणि वाजते. तोडताना थेट −३०० व्होल्टवर न जाता मध्ये एक शून्य व्होल्टची पायरी घातली, आणि तिची लांबी स्टेटरच्या नैसर्गिक कंपनाच्या अर्ध्या आवर्तनाइतकी ठेवली, तर दोन धक्के एकमेकांना बऱ्याच अंशी खोडतात. ती पायरी बसवायची तर करंट बंद करायला थोडं आधी सुरुवात करावी लागते आणि तेवढा टॉर्क सोडावा लागतो. पंपासाठी मी हा सौदा करणार नाही. घरात चालणाऱ्या मशीनसाठी करावाच लागतो.

शून्य व्होल्टची पायरी घालूनही आवाज एकाच बाजूने येत असेल, तर इलेक्ट्रॉनिक्समध्ये शोधत बसू नका. रोटर आणि स्टेटरमधला एअर गॅप या मोटरमध्ये मिलिमीटरचा काही अंशच असतो. बेअरिंग झिजून रोटर जरा सरकला की एका बाजूची ओढ लगेच वाढते. फीलर गेज घेऊन चारी बाजूंनी गॅप मोजा.